आयत्या वेळचे विषय

भाच्याच्या बँडला अजून नाव नाही. व्हॉट्सॲपवर त्यांच्या ग्रुपचं नाव 'बँड (नाव ठरायचंय)' असं आहे आणि ते गेली दोन वर्षं ठरतंय. अल्बम मात्र काढायचा ठरलाय. नुसता अल्बम नाही, 'थीम' असलेला अल्बम. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच सूत्र हवं. ते सूत्र सुचेना, म्हणून बहिणीने पाचही जणांना रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवलं. "मामा लिहितो ना, त्याला विचारा," असं म्हणाली. घरात लिहिणारा माणूस असला की त्याला पोहे आणि कल्पना दोन्ही मागायचा सगळ्यांना हक्कच असतो.

यादी त्यांनी आणली होती. पहिली कल्पना 'प्रवास'. म्हटलं, यात काय काय येतं? प्रेयसी सोडून गेली, तोही प्रवास. नोकरी गेली, तोही प्रवास. आजोबा गेले, तो तर अंतिम प्रवास. दुसरी कल्पना 'पंचमहाभूतं', कारण बँडमध्ये माणसं पाच. ड्रमरने अग्नी आधीच धरून ठेवला होता आणि बासवाल्याच्या वाट्याला पृथ्वी आली होती, कारण ती खाली असते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तिसरी 'ऋतू'. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कवीला सहा ऋतू द्या, तो पाच पावसाळे लिहून आणतो. चौथी 'नवरस'. इथे मी फक्त बीभत्स रसाचं गाणं कोण करणार एवढंच विचारलं. सगळ्यांनी गायकाकडे पाहिलं. तो बिचारा पोहे खात होता.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला आणि तोच या सबंध धंद्यातला पहिला प्रश्न आहे. या कल्पनेत काय बसत नाही? 'प्रवास'मध्ये सगळंच बसतं. ज्यात सगळं बसतं ती गोणी असते, सूत्र नसतं. सूत्र म्हणजे विषय नव्हे, अट. विषय तुम्हाला गाणी लिहायला परवानगी देतो, अट तुमची गाणी अडवते. अट जितकी कडक, तितकं पुढचं काम सोपं.

"पण बीटल्सनी..." गिटारवाला म्हणाला. हे येणार हे मला ठाऊक होतं. 1967 सालचा 'सार्जंट पेपर' हा थीमच्या अल्बमांचा मूळपुरुष मानला जातो. आपण बीटल्स नाही, दुसराच एक काल्पनिक बँड आहोत, अशी त्याची कल्पना. ती पहिल्या दोन गाण्यांत आहे आणि थेट शेवटाआधीच्या गाण्यात परत येते. मधल्या वेळात सर्कस, सतार आणि घरातून निघून गेलेली मुलगी असं वाटेल ते चालू आहे. कव्हरवर रंगीत गणवेश घालून चौघं उभे राहिले आणि लोकांनी सूत्र आहे असं मानलं. हे त्यांना चाललं, कारण ते बीटल्स होते. तुमचं अजून नाव ठरायचंय.

दुसरं टोक सांगतो. अमेरिकेत सुफ्यान स्टीव्हन्स नावाच्या गायकाने पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम काढण्याचं जाहीर केलं. 2003 साली मिशिगन झालं, 2005 साली इलिनॉय झालं. दोन्ही अल्बम उत्तम. उरलेली अठ्ठेचाळीस राज्यं आजही वाट पाहताहेत. पुढे त्याने स्वतःच सांगून टाकलं की तो सगळा प्रसिद्धीचा फंडा होता. आपल्याकडे ड्रमरने आल्या आल्या 'महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे' असं म्हटलं होतं. त्याला मी हे सांगितलं, तर म्हणाला, "काका, मग दोनच करू." सूत्राची लांबी आपल्या दमाला बेतून घ्यावी हे त्याला कळलं, पण उलट्या बाजूने.

आणि कडक अट बघायची असेल, तर बाल्टिमोरचे 'मॅटमॉस'. दोघांचा बँड. 2016 साली त्यांनी एक अल्बम काढला, त्यात वाद्य एकच: घरच्या तळघरातलं कपडे धुण्याचं यंत्र. त्यावर बोटं घासली, थापा मारल्या, पाणी भरलं, पिळलं. सबंध अल्बम अडतीस मिनिटांचा एकच तुकडा आहे आणि तो एका धुण्याच्या फेरीसारखा सुरू होऊन संपतो. अल्बमचं नावही त्या यंत्राच्या मॉडेलचंच. यात काय बसत नाही, हे विचारायची गरजच नाही. यंत्राबाहेरचं काहीच बसत नाही.

"पण आम्हाला गाणी करायची आहेत, धुणं नाही," गायिका म्हणाली. बँडमधली ही एकच व्यक्ती नीट ऐकत होती.

तर मग घरचं उदाहरण घ्या. ते पुण्यात, आकाशवाणीवर, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं. 'गीतरामायण'. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर, एकूण छप्पन्न गाणी. आपण त्याच्याकडे हात जोडून बघतो, म्हणून त्याची यंत्रणा बघायची राहून जाते. यंत्रणा अशी आहे. एक, गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत आहे, त्यामुळे ती समजावून सांगण्यात एकही गाणं वाया जात नाही. दोन, प्रत्येक गाणं कुणाच्या तरी तोंडी आहे. राम बोलतो, सीता बोलते, भरत बोलतो, शूर्पणखासुद्धा बोलते. म्हणजे गोष्ट एक, पण बोलणारा बदलला की चाल, लय आणि राग बदलायला कारण मिळतं. तीन, आरंभ कुशलवांच्या गाण्यापाशी आणि शेवटही त्यांच्यापाशीच. वर्तुळ पूर्ण.

"म्हणजे आम्ही रामायण करायचं?"

नाही रे. तुमच्या श्रोत्यांना समजावून न सांगता ठाऊक असलेली गोष्ट शोधायची. डोंबिवलीत अशी गोष्ट कुठली?

सगळे गप्प. तेवढ्यात जिन्यातून लिफ्टचा आवाज आला. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. कुणी दार उघडं टाकलं की ती चार सुरांची धून वाजवते, मग एक बाई 'कृपया दरवाजा बंद कीजिए' म्हणते, मग परत चार सूर. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकायची परंपराच आहे. मी उठलो, फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस.

"हा तुमचा अल्बम," म्हटलं. "गाण्यांचा क्रमसुद्धा छापून आलाय."

हसायचं झाल्यावर आम्ही कामाला लागलो. एकच संध्याकाळ, एकच जागा, म्हणजे पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि प्रत्येक गाणं एका सभासदाच्या तोंडी. नोटिशीतला एकेक विषय म्हणजे एकेक गाणं. आठ गाणी, सरासरी चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं. हौशी बँडने यापुढे जाऊ नये. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावत आणि माणसाच्या कानाची एका बैठकीची सहनशक्ती त्यानंतर फारशी वाढलेली नाही.

पहिलं गाणं 'नोटीस'. चौदा दिवस आधी द्यावी लागते, ती सचिवाने वाचायची. सरकारी मराठी तालात किती छान बसते ते कुणी कधी पाहिलेलंच नाही. दुसरं 'गणपूर्ती'. सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. इथे कल्पनेने स्वतःच गाण्याची रचना करून दिली: एकेक माणूस येऊन बसेल, तसं एकेक वाद्य आत येईल. आधी नुसता बास, मग गिटार, मग ड्रम. ऐकणारा धून पूर्ण भरायची वाट बघत असतानाच गाणं मध्येच थांबतं. गणपूर्ती झाली नाही. सभा अर्धा तास तहकूब. तिसरं गाणं 'तहकूब': शब्द नाहीत, खुर्च्यांचे आवाज, चहा आणि लिफ्ट. अर्ध्या तासाने तीच सभा गणपूर्तीशिवाय भरते, ही आपल्या उपविधींतली सोय. ती माणसाला कळावी म्हणून गाणं लिहावं लागत नाही, तो दर वर्षी तिथे बसलेला असतो.

चौथं 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. इथे भाच्याला पहिल्यांदा अक्कल सुचली. "मामा, इतिवृत्त म्हणजे मागचंच परत. मग पहिल्या गाण्याचीच चाल परत घ्यायची, शब्द मागच्या वर्षीचे. आणि भांडणं तीच." बरोबर. चाल परत येण्याला गोष्टीतच कारण असलं, की तिची पुनरावृत्ती वाटत नाही. आठवण वाटते.

आता सगळ्यांना बांधणारा धागा. तो लिफ्टचा. मी पेटी काढली. आमच्या लिफ्टचे चार सूर पांढरी दोनच्या पट्टीत सा, ग, प, नि असे लागतात. निषादावर येऊन ती थांबते. वरचा सा कधीच म्हणत नाही, कारण दार कुणी लावलेलं नसतं. चाळीस सेकंद हे ऐकलं, की माणसाला उठून कुणाचं तरी दार लावावंसं वाटतं. म्हणजे धून काम करते.

गिटारवाला म्हणाला, "मग प्रत्येक गाण्यात त्या गाण्याच्या पट्टीत ही धून वाजवू." इथेच बहुतेक जण चुकतात. लिफ्ट यंत्र आहे. तिचा स्वर बदलत नाही. सचिव पांढरी दोनमध्ये गाईल, गायिका पांढरी सहा किंवा पांढरी पाचमध्ये गाईल, पण लिफ्ट आपल्या जागीच वाजेल. आणि गंमत तिथेच आहे. तेच चार सूर पांढरी सहाच्या गाण्यात शिरले, की त्यांची नावं बदलतात. ते होतात म, ध, सा, ग. शेवट गंधारावर. गोड, घरी आल्यासारखा. पांढरी पाचच्या गाण्यात तेच सूर होतात प, नि, रे आणि तीव्र म. शेवट तीव्र मध्यमावर, म्हणजे दाताखाली खडा. लिफ्टने काहीच केलेलं नाही. बोलणारा माणूस बदलला, म्हणून तिचा अर्थ बदलला.

गायिकेने पेटी स्वतःकडे ओढली, दोन्ही पट्ट्यांत वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "थकबाकीदार पांढरी पाचमध्ये." तिला कळलं होतं. पाचवं गाणं थकबाकीदारांच्या यादीचं. खाली फलकावर नावं लागतात आणि लिफ्टमध्ये शिरताना प्रत्येक जण ती वाचतो. गाणं त्या यादीतल्या बाईच्या तोंडी. ती जिन्याने जाते, कारण लिफ्टजवळच फलक आहे. चारही मजले चढताना तिला ती धून ऐकू येत राहते आणि दर वेळी ती तीव्र मध्यमावर येऊन टोचते.

बासवाला प्रथमच बोलला. "हे विनोदी नाहीये."

नसावंच. अशा कल्पनेला पहिला धोका विनोदाचा असतो. सोसायटीवर आठ विनोदी गाणी केली, तर ते गॅदरिंगमधलं प्रहसन होतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक हसतात, चौथ्याला मोबाइल काढतात. म्हणून प्रत्येक गाण्याला विचारायचं, इथे दुखतंय कुणाला? 'गळती'चं सहावं गाणं युगुलगीत आहे. वरचा म्हणतो पाणी माझं नाही, खालची म्हणते छत माझं नाही. दोघं एकाच ओल्या डागाकडे बघत बसलेत, एक वरून, एक खालून. हसू येईल, पण डाग वाळणार नाही.

दुसरा धोका ड्रमरच्या खिशात होता. त्याने दोन वर्षांपूर्वी एक प्रेमगीत केलंय आणि ते त्याला अल्बममध्ये हवंच आहे. "नायिका पार्किंगमध्ये उभी आहे असं समजा," तो म्हणाला. ही ओळखायची सोपी खूण: गाण्याआधी 'असं समजा' म्हणावं लागलं, की ते गाणं बाहेरचं. खात्री करायची असेल, तर ते गाणं काढून दुसऱ्या कुठल्याही बँडच्या अल्बममध्ये घालून बघायचं. तिथे नीट बसलं, तर ते तिथलंच. उलटी परीक्षाही घ्यावी लागते. कल्पना माहीत नसलेल्या माणसाला एकेक गाणं सुटं ऐकवायचं. नुसती गोष्ट पुढे ढकलण्यासाठी लिहिलेलं गाणं तिथे उघडं पडतं, आणि आजकाल लोक गाणी सुटीच ऐकतात. 'नोटीस' या परीक्षेत जरा लंगडतं. ते दीड मिनिटांत उरकावं असं ठरलं. ड्रमरचं गाणं पहिल्या परीक्षेत गेलं. त्याला सातवं, पार्किंगचं, सगळ्यात जलद गाणं दिलं. अग्नी मिळाल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मधल्या आवाजांचं काय? 'पिंक फ्लॉइड'ने 1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये एक युक्ती केली होती. रॉजर वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत सापडेल त्या माणसाला पकडून उत्तरं ध्वनिमुद्रित केली. पॉल मॅकार्टनी तिथेच काम करत होता, त्यालाही विचारलं. तो फार सावधपणे बोलला, म्हणून त्याचा आवाज घेतलाच नाही. घेतला तो स्टुडिओच्या दरवानाचा. अल्बम ज्या हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो त्याच ठोक्यांवर संपतो आणि त्या ठोक्यांवर शेवटचं बोलणं दरवानाचं आहे. आमच्याकडे वॉचमन आहे. सोसायटीत कोण किती वाजता येतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही आणि सभेत त्याला बोलायचा हक्क नाही. त्याला विचारा, म्हटलं. रीतसर परवानगी घेऊन विचारा. आणि अध्यक्षांना विचारू नका, ते मॅकार्टनीसारखे बोलतील.

शेवटचं, आठवं गाणं: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. तोपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. तेव्हा एक म्हातारा उठतो. वर्षभर मनात धरून ठेवलेलं त्याला सांगायचं असतं आणि तो सांगतो की जिन्याच्या दुसऱ्या वळणावर एक खुर्ची ठेवा. एवढंच. गाणं पांढरी दोनमध्ये, लिफ्टच्या मूळ पट्टीत. ती वाजते, सा, ग, प, नि, आणि कुणीतरी उठून जाळीचं दार ओढतं. लिफ्ट गप्प. मग बत्तीस मिनिटं अडकलेला वरचा सा पाचही जण मिळून म्हणतात. एकदाच. अल्बममध्ये आधी कुठेही लिफ्टच्या निषादानंतर तो सा लावायचा नाही, ही शेवटची आणि सगळ्यात अवघड अट. गिटारवाल्यांना सा लावल्याशिवाय राहवत नाही.

अल्बमचं नाव तिथेच ठरलं, 'आयत्या वेळचे विषय'. बँडचं नाव अजून ठरायचंय.

पुढच्या रविवारी आमची सभा होती. गणपूर्ती झाली नाही, अर्धा तास तहकूब. भाचा रेकॉर्डर घेऊन जिन्यात बसला होता. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं आणि धून चालू होती. बावीस वर्षांच्या सवयीने मी वर चढलो आणि जाळीला हात घातला. "मामा, लावू नकोस!" तो खालून कुजबुजला. "अजून दोन मिनिटं निषाद पाहिजे."

मी दार उघडं धरून उभा राहिलो. पाचव्या मजल्यावरच्या काकू गुडघे धरत माझ्या समोरून जिना चढून गेल्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं पाहिलं. सचिवांनी मात्र नोंद घेतली: चौथ्या मजल्यावरील सभासदाने लिफ्टचा दरवाजा हेतुपुरस्सर उघडा ठेवला, दंड रुपये शंभर. पुढच्या वर्षी ते वाचून कायम करतील.

भाचा खूश आहे. चौथ्या गाण्याला शब्द मिळाले.